तिसऱ्या प्रतीचा कागद

पांढरी प्रत

ज्योत्स्नाच्या झेरॉक्स-छपाईच्या दुकानाच्या उद्घाटनाला भगवानरावांनी नारळ घरून आणला होता. तिच्या घरच्यांनी सकाळीच बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावून वंदना घेतली होती, नारळाचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण म्हातारा आला तोच काखेत नारळ मारून. "तुमचं तुम्ही केलंत, आता माझं मला करू द्या," म्हणाला, आणि बसवकल्याणच्या स्टँडासमोरच्या त्या नव्या शटरच्या पायरीवर एका फटक्यात नारळाची दोन शकलं केली. पाणी ज्योत्स्नाच्या साडीवर उडालं. सगळे हसले. मग रिबीन कापताना कुणीतरी फोटो काढला. भगवानरावांच्या हातात कात्री, शेजारी ज्योत्स्ना, साडीवर ओला डाग.

रिबीन त्यांनीच कापावी, हा ज्योत्स्नाचा हट्ट. भगवानराव म्हणजे रस्त्यापलीकडच्या जुन्या छापखान्याचे मालक. लग्नाच्या आधीपासून ती त्यांच्याकडे टायपिंगला होती. मराठी आणि कन्नड दोन्हीत तिचा हात चाले, म्हणून लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या अहवालापर्यंत सगळा मजकूर तिच्या बोटांखालून जाई. तिचे वडील वारले तेव्हा दारात पहिली चप्पल भगवानरावांची होती. बाप गेला आणि काका उरला, असं ती बोलून दाखवायची नाही, पण वागण्यातून दिसायचंच.

सगळे पांगल्यावर भगवानराव काउंटरमागच्या खुर्चीत बसले. चहा आला. बशीत ओतून फुंकर घालत ते म्हणाले,

"पोरी, कागदाचं सांगून ठेवतो, ध्यानात ठेव."

"सांगा की काका."

"पोरांच्या नोट्सला पातळ कागद. अठ्ठावन्नचा. दोन्हीकडून छाप. पोरं वाचतेत आन् फेकतेत, त्यांना जाड कामून? बिलबुकाला मात्र जाड लागतो बघ. ऐंशीच्या खाली उतरू नकोस. आडत्याच्या हाताला वजन लागलं पाहिजे."

"आन् फोटोला?"

"फोटोला चकाकी बघायची, वजन न्हाई. एकशेतीसचा लई झाला."

"तेवढंच?"

"तेवढंच. ह्यातच माझं आयुष्य गेलं की ग."

ज्योत्स्नाला या आकड्यांचा अर्थ नीट कधी कळलाच नव्हता. छापखान्यात इतकी वर्षं काढून कागदाचं वजन माहीत नसावं, हे कुणाला पटणार नाही. पण तिथली रीतच तशी होती. कागदाचे गठ्ठे मागच्या खोलीत यायचे, ती खोली भगवानरावांच्या ताब्यात. बाहेर यायचा तो उघडा कागद, कापलेला, वेष्टण काढलेला. कुठला कागद कशासाठी हे मागेच ठरायचं. वेष्टणं जायची कमलबाईंकडे, म्हणजे भगवानरावांच्या बायकोकडे. त्या गल्लीतल्या पोरांच्या पुस्तकांना त्यांची कव्हरं घालून द्यायच्या, छापलेली बाजू आत आणि कोरी बाहेर. ज्योत्स्नाच्या मुलीच्या, मैत्रेयीच्या, पहिलीच्या पुस्तकांनाही काकूंनीच कव्हरं घातली होती. केवढी माया, असं तेव्हा वाटलं होतं.

स्वतःचं दुकान टाकल्यावर वेष्टणासकट गठ्ठा पहिल्यांदा तिच्या हाती आला. त्यावर अठ्ठावन्न, सत्तर, ऐंशी असे आकडे, पुढे जीएसएम. तिनं ते बाजारातल्या मालासारखं घेतलं. तूर वजनदार असली की चांगली, हलकी म्हणजे किडकी, पोचट. कागदाचंही तसंच असणार. नोट्सना हलका चालतो, बिलाला भारी लागतो, असं काका म्हणाले म्हणजे झालं.

गुलाबी प्रत

पहिल्यांदा नोट्स बोंबलल्या.

कॉलेजची पोरं परत यायला लागली. पानाच्या मागची अक्षरं पुढे दिसायची, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळायच्या. "अक्का, हे वाचू का आरशात धरू?" एकानं विचारलं. मशीन दोन-दोन पानं एकदम ओढायचं आणि अडकून बसायचं. ज्योत्स्नानं मेकॅनिक बोलावला, रोलर पुसून घेतले. मशीनला शिव्या घातल्या, कागदाला नाही.

मग फोटो. पासपोर्ट फोटो दुपारच्या उन्हात कडेनं वळायचे, वाळलेल्या पानासारखे. सुभद्राबाई नावाची अंगणवाडीतली एक बाई आपले फोटो काउंटरवर ठेवून म्हणाली, "बघ ग बाई, ह्यो फोटो माझ्याकडं पाठ करायलाय." हसत म्हणाली, पण पुन्हा आली नाही. उद्घाटनाचा तो फोटो ज्योत्स्नानं मोठा छापून फ्रेममध्ये लावला होता, बुद्धमूर्तीच्या बाजूला. त्याचाही वरचा कोपरा काचेमागे वळू लागला. भगवानरावांच्या डोक्याकडचा.

"नवं दुकान हाय, चालायचंच," नवरा म्हणाला. राजपाल बसवकल्याण-सोलापूरच्या बसवर कंडक्टर. सोलापूरहून कागदाचे गठ्ठे त्याच्याच गाडीतून यायचे.

आणि मग सिद्धलिंगप्पांची ऑर्डर आली.

सिद्धलिंगप्पा मार्केट यार्डातले मोठे आडते. त्यांनी बिलबुकं दिली की बाकीचे आडते मागून येतात, हे सगळ्यांना ठाऊक. इतकी वर्षं त्यांची बुकं भगवानरावांकडून छापली जात. या वर्षी यार्डाजवळून जाताना ते पायरीवर थांबले आणि म्हणाले, "कन्नड-मराठी दोन्ही नीट टाइप करणारी तूच की. मग प्रेसवाल्याला कामून देऊ?"

ज्योत्स्नानं जीव ओतला. एका बिलाला तीन पानं, पांढरं शेतकऱ्याला, गुलाबी ऑफिसला, पिवळं बुकातच राहणार, मध्ये दोन कार्बन. तिन्ही ऐंशीची. बांधलेलं बुक हातात घेतल्यावर सिद्धलिंगप्पांनी त्याला तुरीच्या पोत्यासारखं खालीवर करून पाहिलं.

"भारी झालंय री! वजन बघा."

तुरीची आवक सुरू झाली आणि चार दिवसांत ते स्वतः दुकानात आले. हातात तेच बुक. चेहरा उतरलेला.

"अक्का, नोडु. हे बघ." त्यांनी पांढरं पान उलटलं, गुलाबी उलटलं. पिवळ्यावर काहीच नव्हतं. नीट बघितलं तर कुठं अर्धा आकडा, कुठं एक रेघ. "मुनीम म्हणतो, मी लिहितो का दगड फोडतो? पेन मोडलं त्याचं. शेतकरी पांढरं घेऊन गावाकडं जातो. उद्या त्यानं येऊन वाद घातला तर मी काय दाखवू? हे पिवळं?"

"कार्बन बदलून बघते, अप्पा."

"बघ. पण लवकर. आवक वाढायलीय. सोमवारपर्यंत बुकं नीट झाली तर तुझं काम तुझ्याकडं. न्हाईतर परत भगवानरावांकडं. नुसतं माझं न्हाई, सगळी आडत लाइन माझं बघते, ठाऊक हाय तुला." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "भला माणूस आहे हं तुझा काका. कालच येऊन गेला. म्हणाला, पोरगी नवी हाय, सांभाळून घ्या, तवर मी बुकं करून देतो."

ज्योत्स्नाला भरून आलं. तिनं तसंच सिद्धलिंगप्पांना सांगितलंही: काका आहेतच तसे.

त्याच दुपारी ती रस्ता ओलांडून छापखान्यात गेली. भगवानरावांनी पिवळं पान उजेडाकडे धरलं, बोटांनी कड चाचपली.

"कार्बन हलका हाय तुझा."

"कागदाचं काही नसेल ना काका?"

"कागद एक नंबर हाय. मुनीमच मेला हात ओढून लिहितो. चांगला कार्बन आण, हैदराबादचा."

चांगला कार्बन आणला. पिवळ्यावर दोन अक्षरं जास्त उमटली, एवढंच.

रविवारी दुकान बंद ठेवून ज्योत्स्ना आत बसली. सिद्धलिंगप्पांकडून गेल्या हंगामातलं एक कोरं बुक मागून आणलं होतं, भगवानरावांच्या छापखान्यातलं. आपलं बुक एका हातात, त्यांचं दुसऱ्या हातात. त्यांचं हलकं होतं. पानं जवळजवळ फुंकरीनं उडतील अशी. तिनं आपल्या बुकात दोन्ही कार्बन घातले आणि तोंडात आलं ते वाक्य लिहिलं, मुनीम लिहील तसं, सहज हातानं:

पोरी, कागदाचं सांगून ठेवतो, ध्यानात ठेव.

पांढरं उचललं. गुलाबीवर फिकं, पण वाचता येईल असं. पिवळ्यावर:

पो    का           ठे            ध्य        

मग तेच वाक्य भगवानरावांच्या बुकात. पिवळ्यावर प्रत्येक अक्षर, उकारासकट.

ती गठ्ठ्याचं वेष्टण घेऊन बसली. जीएसएम, ग्रॅम प्रति चौरस मीटर. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद कागद तराजूत टाकला तर किती ग्रॅम भरेल तेवढं. नंबर एक, नंबर दोन नव्हेच हे, हे नुसतं वजन. बी.कॉम. झालेली होती ती, हिशोब अवघड नव्हता. ए-फोरचे सोळा कागद जोडले की जवळजवळ एक चौरस मीटर होतं. बिलबुकाचं पान त्याच्या निम्मं, म्हणजे बत्तीस पानं.

शेजारी सोनाराचं दुकान. त्याचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत दाखवतो. "वहिनी, कागद मोजायला आलात? सोनं संपलं का?" म्हणत त्यानं काचेचं झाकण उघडलं. ज्योत्स्नाच्या बुकातली बत्तीस पानं ऐंशीला थोडी कमी भरली. भगवानरावांची पांढरी छपन्न. गुलाबी आणि पिवळी अठ्ठेचाळीसच्या आसपास.

म्हणजे दाब. मुनीमाच्या पेनाचा दाब तिच्या तीन जाड पानांत मुरून जात होता, खालपर्यंत पोचतच नव्हता. भगवानरावांच्या पातळ पानांतून तो आरपार जात होता. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या बुकात ऐंशीचं एकही पान नव्हतं.

तरीही ज्योत्स्ना त्यांची बाजू घेऊन स्वतःशी भांडली. जुना माणूस. जाड म्हणजे चांगलं असं बोलून गेला असेल, स्वतः करताना हाताच्या सवयीनं करत असेल. सगळ्यांचं होतं असं.

मग तिची नजर फ्रेमवर गेली. वळलेल्या कोपऱ्यावर.

जाड म्हणजे चांगलं असं त्यांना खरंच वाटत असतं, तर फोटोला त्यांनी जाडच सांगितला असता. फोटोवर शाई भरपूर पडते, पातळ कागद ती पिऊन वळतो, तिथंच तर वजन लागतं, मशीनच्या पुस्तिकेतही तेच होतं, दोनशे तीस, दोनशे साठ. तिथं त्यांनी एकशेतीस सांगितला. दोन्ही बाजूंनी छापायच्या नोट्सना सत्तर-पंचाहत्तर तरी लागतो, मागचं पुढे दिसू नये म्हणून. तिथं अठ्ठावन्न. आणि जिथं पातळ लागतो तिथं, फक्त तिथंच, जाड. न कळणारा माणूस एखाद्या वेळी तरी चुकून बरोबर सांगतो. भगवानराव तिन्ही वेळा नेमकं उलटं बोलले होते. असं नेमकं उलटं बोलायला सगळं नेमकं माहीत असावं लागतं.

तिनं घरी जाऊन मैत्रेयीच्या पहिलीच्या पुस्तकाचं कव्हर काढलं. आतल्या बाजूनं गठ्ठ्यावरची छापील अक्षरं: मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद, छपन्न जीएसएम. इतकी वर्षं घरातच होतं ते, आत दुमडलेलं. काकूंनी डिंक लावून कडा पक्क्या केल्या होत्या.

पिवळी प्रत

सोमवारच्या आधी कागद यायला हवा होता. राजपालला फोन केल्यावर त्याच संध्याकाळी त्याच्या गाडीतून सोलापूरहून हलका पांढरा आणि त्याहून हलके गुलाबी-पिवळे गठ्ठे आले, त्यासोबत दोनशे साठचं फोटो कागदाचं पाकीट. बुकं छापायला टाकायच्या आधी ज्योत्स्नानं उद्घाटनाचा फोटो पुन्हा काढला, प्रिंटरच्या मागच्या ट्रेमधून, एकच कागद घालून. कडक, सपाट निघाला. तो पिशवीत घालून ती रस्ता ओलांडून गेली.

मनाशी एक ठरवलं होतं. म्हाताऱ्यानं आज एकदा खरं सांगितलं, तर मागचं सगळं सोडून द्यायचं. ज्योत्स्ना अशी माणूस. माफ करायला तिला निमित्त पुरे.

छापखान्यात भगवानराव चष्मा कपाळावर चढवून पत्रिका मोजत होते. कमलबाई दारात शेंगा निवडत बसल्या होत्या.

"ये ग पोरी. बुकाचं काय झालं?"

"करायलेय की. एक विचारायचं होतं, काका. तुमचा फोटो वळायलाय."

"माझा?"

"उद्घाटनाचा. वरचा कोपरा. तुमच्या डोक्याकडं. पुन्हा छापावा म्हणते. कुठला कागद घेऊ?"

भगवानरावांनी पत्रिकांचा गठ्ठा आपटून सरळ केला. पंखा घरघरत होता. कमलबाईंचा हात शेंगांवर थांबला. ज्योत्स्ना वाट बघत राहिली, शाळेत निकालाची बघायची तशी.

"तोच घे," भगवानराव म्हणाले. "एकशेतीस. कागदाचं काही न्हाई त्यात. फ्रेमची काच सैल असंल. उन्हानं होतं."

स्वतःचा चेहरा. स्वतःचा चेहरा वळून गेला तरी चालेल, पण हिला कळू नये.

ज्योत्स्नानं पिशवीतून नवा फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला.

आयुष्यभर कागद हाताळलेली बोटं ती. डोळे फोटोवर जायच्या आधी अंगठा कडेवरून फिरला आणि मधेच थांबला. मग त्यांनी फोटो जरासा वाकवून पाहिला. वाकला नाही. भगवानरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पण फोटोकडे बघितलंच नाही.

"कुणी सांगितलं?"

एवढंच विचारलं. चुकलं म्हणाले नाहीत. वाकडं वाटून घेऊ नकोस असंही म्हणाले नाहीत. कुणी सांगितलं.

"तुमच्या बुकानं," ज्योत्स्ना म्हणाली. "सोनाराच्या काट्यावर ठेवलं."

"सोनाराच्या!" ते हसल्यासारखं करायला गेले. हसू आलं नाही. मग एकदम आवाज चढला. "मग काय करायचं होतं मी? माझ्या दारासमोर दुकान टाकलीस, मी येऊन नारळ फोडला. अजून काय फोडू? टायपिंग शिकवलं, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवलं. माझा कागद पण तुला देऊ? मग माझ्या हातात काय राहतंय?"

"नसतं सांगायचं की. गप बसायचं. मी माझं चुकत चुकत शिकले असते." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच कमलबाईंनी मान खाली घातली असावी. "तुम्ही गप न्हाई बसलात, काका. तुम्ही पोरी म्हणून सांगितलंत."

"ज्योती, बस की जरा, चहा टाकते," कमलबाई पुटपुटल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं, काकू?"

कमलबाईंनी सुपातली एक शेंग उचलली, उगाच फोडली. दाणे जमिनीवर पडले.

ज्योत्स्नानं पिशवीची घडी केली. "फोटो ठेवा तुमच्याकडं. चांगला निघालाय," म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मागून भगवानरावांनी हाक मारली, पोरी म्हणून. रस्ता ओलांडताना बीदरची बस हॉर्न देत मधे आली, ती गेली तेव्हा हाकही गेली होती.

सोमवारी दुपारी सिद्धलिंगप्पा मुनीमाला घेऊन दुकानात आले. बुकं बांधून तयार होती, मागच्यापेक्षा हलकी. सिद्धलिंगप्पांनी एक हातात तोललं आणि भुवया चढवल्या.

"वजन कमी झालंय की री."

"तुरीचं न्हाई हे, अप्पा. हे हलकंच लागतं. लिहून बघा."

मुनीमानं संशयानं पेन काढलं. "काय लिहू?"

"काहीपण."

"सांग ना. मला सुचंना."

ज्योत्स्ना बोलली तसं त्यानं लिहिलं, हात ओढून, नेहमीसारखं, अजिबात दाब न देता. मग पांढरं उलटलं, गुलाबी उलटलं, आणि तिघंही पिवळ्या पानावर वाकले. सिद्धलिंगप्पा वाचत गेले, अक्षरावर बोट ठेवत, कन्नड वळणाच्या मराठीत, मोठ्यानं.

"पोरी... कागदाचं... सांगून ठेवतो... ध्यानात ठेव." ते खूश होऊन सरळ झाले. "सगळं आलं की! कुणाचं वाक्य हे?"

मागच्या भिंतीवर मूर्तीच्या बाजूला फ्रेमचा चौकोन तेवढा उरला होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ.

"माझ्या दुकानाचं उद्घाटन केलं त्यांचं," ज्योत्स्ना म्हणाली, आणि ते पिवळं पान बुकातून फाडायला हात पुढे केला, मग थांबली. पिवळी प्रत बुकातच राहायची असते.